आधी कंबर, मग पाऊल

मंडळी, गडाच्या दगडी पायऱ्या चढणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. एक पायरी वीतभर उंच, दुसरी दीड वीत, तिसरीचा कोपरा झिजून गेलेला. तरी नेहमी जाणारा माणूस खाली न बघता, गप्पा मारत मारत वर जातो आणि पाऊल नेमके दगडावरच पडते. मध्येच उभा राहिला, तर एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. वरचा गुडघा आपोआप वाकतो आणि कंबर थोडी खाली येते. यातले काहीही त्याने ठरवून केलेले नसते.

आता हाच माणूस संगणकावरच्या खेळात घाला. सगळे बिघडते! एक पाय पायरीवर नीट टेकलेला असतो आणि दुसरा हवेत लोंबकळत असतो. नाहीतर उलट होते: पाऊल घोट्यापर्यंत दगडात बुडालेले दिसते. माझ्या एका विद्यार्थ्याने गड चढण्याचा एक छोटा खेळ तयार केला होता. गड चांगला होता, झाडे चांगली होती, पात्राचा चेहरासुद्धा चांगला होता. पण पात्र पायरीवर थांबले की त्याचा डावा पाय अधांतरी राही. पोराने पावलाला खाली ओढून पाहिले, तर पाय काठीसारखा ताठ झाला आणि पाऊल तरीही जमिनीला लागेना. तेव्हा तो विचारायला आला, "सर, पाय खाली का जात नाही?" त्याच्या या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच आजचा विषय. उत्तर पायात नव्हते, कंबरेत होते.

पहिल्यांदा हा घोटाळा होतो का, ते पाहू. खेळातल्या पात्राच्या आत हाडांचा एक सांगाडा असतो. कंबर, खुबा, मांडी, गुडघा, नडगी, घोटा, पाऊल अशी ही साखळी असते. चालण्याची हालचाल एकदा तयार करून ठेवतात. कधी चित्रकार हाताने तयार करतो, तर कधी खऱ्या माणसाला चालवून ती टिपून घेतात. त्या हालचालीत प्रत्येक क्षणाला प्रत्येक सांध्याचा कोन लिहून ठेवलेला असतो. खुबा इतका वळला, गुडघा इतका वाकला, म्हणजे पाऊल अमुक जागी येणार. कोनांवरून जागा काढण्याचे हे सरळ गणित झाले. पण ही हालचाल सपाट फरशीवर तयार झालेली असते. तिला दगड, उतार, पायरी यांची काही खबरच नसते.

आपल्याला हवे आहे ते याच्या उलट. पाऊल कुठे पडले पाहिजे ते आपल्याला माहीत आहे, कारण दगड समोर आहे. त्यासाठी खुबा आणि गुडघा किती वळवायचे, ते काढायचे आहे. जागेवरून कोन काढायचे, म्हणून याला उलटे गणित म्हणू. इंग्रजीतून आलेले त्याचे नाव इन्व्हर्स किनेमॅटिक्स, आणि कामाच्या ठिकाणी सगळे त्याला नुसते 'आय-के' म्हणतात. नाव जड आहे, पण पायापुरते हे गणित शाळेतल्या त्रिकोणाहून फार अवघड नाही.

कसे ते बघा. खुबा, गुडघा आणि घोटा हे तीन बिंदू घ्या. मांडीची लांबी बदलत नाही, नडगीची बदलत नाही. म्हणजे त्रिकोणाच्या दोन बाजू पक्क्या झाल्या. तिसरी बाजू म्हणजे खुब्यापासून घोट्यापर्यंतचे सरळ अंतर. पाऊल कुठे ठेवायचे हे ठरले की ती बाजूही ठरली. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला, आणि त्रिकोण ठरला की गुडघ्याचा कोन ठरला. यासाठी कोसाइनचे सूत्र आहेच. मांडी a, नडगी b, खुबा ते घोटा अंतर d आणि गुडघ्याचा कोन K मानला तर:

```
cos K = (a*a + b*b - d*d) / (2*a*b)
```

आता आकडे घालू. एका पात्राची मांडी ४२ सेंटिमीटर आणि नडगी ४१ सेंटिमीटर आहे. नुसते उभे असताना खुबा जमिनीपासून ९० वर आणि घोटा ८ वर आहे. म्हणजे खुबा ते घोटा अंतर ८२. सूत्रात घातले की गुडघ्याचा कोन साधारण १६२ अंश येतो. पूर्ण ताठ पाय म्हणजे १८०. तेव्हा पाय जवळजवळ सरळ, पण किंचित सैल आहे. माणूस सहज उभा राहतो तो असाच.

शिक्षकमंडळींना हे वर्गात करून दाखवता येईल. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या घ्या. टाचणी टोचायच्या भोकांमधले अंतर एकीवर २१ सेंटिमीटर आणि दुसरीवर साडेवीस ठेवा, आणि दोन्ही पट्ट्या एका टाचणीने जोडा. हा झाला निम्म्या मापाचा पाय. वरचे टोक फळ्यावर पक्के करा आणि खालचे टोक वरखाली हलवा. मधली टाचणी, म्हणजे गुडघा, कुठे जातो ते पोरांना डोळ्यांनी दिसेल. पुढच्या सगळ्या गोष्टी याच दोन पट्ट्यांवर पडताळून पाहता येतात.

आता पात्राला पायरीवर उभे करू. पायरी १८ सेंटिमीटरची आहे. उजवा पाय वरच्या पायरीवर, डावा खालच्या. पात्राचे शरीर भिंतीत किंवा जमिनीत घुसू नये म्हणून त्याच्याभोवती एक न दिसणारी कुपी असते, औषधाच्या कॅप्सूलसारखी. ती टेकते वरच्या पायरीच्या कडेवर. त्यामुळे संपूर्ण पात्र वरच्या पायरीच्या पातळीवर उभे असते. उजव्या पायाला काही अडचण नाही. डाव्या पायाखाली मात्र जमीन १८ सेंटिमीटर खोल आहे.

डावा घोटा १८ ने खाली न्यायचा, तर खुबा ते घोटा अंतर किती लागेल? ८२ अधिक १८, म्हणजे १००. आणि पायाची एकूण लांबी किती? ४२ अधिक ४१, म्हणजे ८३. शंभर सेंटिमीटर लांबच्या दगडाला ८३ सेंटिमीटरचा पाय पोचणार कसा? तो पूर्ण ताठ होतो, एवढेच. घोटा फक्त १ सेंटिमीटर खाली येतो आणि पाऊल १७ सेंटिमीटर हवेत राहते. माझ्या विद्यार्थ्याला दिसत होते ते हेच. त्याचे गणित चुकलेले नव्हते. असा त्रिकोणच होऊ शकत नव्हता. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर खालचे टोक ५० सेंटिमीटरवर न्यायचा प्रयत्न करा. पट्ट्या साडेएकेचाळीसवर ताणून थांबतील.

खरा माणूस अशा वेळी काय करतो? तो कंबर खाली आणतो. पात्रालाही तेच करायला लावायचे. कंबर १८ सेंटिमीटर खाली घेतली की डाव्या पायाचे अंतर पुन्हा ८२ झाले आणि गुडघ्याचा कोन पुन्हा १६२. डावा पाय आता सहज उभा आहे. उजव्या पायाचे अंतर मात्र ८२ वरून ६४ वर आले. सूत्र सांगते की उजवा गुडघा सुमारे १०१ अंशांवर येणार, म्हणजे काटकोनाच्या जवळ. मांडी खुबा-घोटा रेषेपासून ३९ अंश पुढे झुकणार. पायरीवर एक पाय ठेवून उभ्या असलेल्या माणसाचे हेच चित्र नाही का?

तेव्हा क्रम असा: आधी दोन्ही पावलांखालची जमीन मोजायची, मग कंबर सर्वांत खालच्या पावलाच्या गरजेइतकी उतरवायची, आणि त्यानंतरच दोन्ही पाय वाकवायचे. कंबर वर मात्र उचलायची नाही. एक पाऊल कुपीच्या पातळीहून वर असेल, तर तो पाय वाकून तिथे पोचतो. दोघांपैकी एकही खाली नसेल तर कंबर जिथल्या तिथे.

जमीन मोजायची कशी? प्रत्येक पावलाच्या बरोबर वर, पात्राच्या तळपातळीपासून साधारण अर्धा मीटर उंचीवरून, एक काल्पनिक किरण सरळ खाली सोडायचा. तो कशावर आदळला ते खेळाचे यंत्र सांगते: किती उंचीवर आदळला आणि तिथला पृष्ठभाग कोणत्या दिशेला कललेला आहे. विहिरीत दोर सोडून पाणी किती खोल ते पाहावे, तसेच हे. किरण एक मीटर लांब ठेवला तर पातळीच्या वर अर्धा मीटर आणि खाली अर्धा मीटर एवढा टप्पा त्यात येतो. किरणाला काहीच लागले नाही, तर पायाखाली कडा आहे असे समजावे आणि त्या पायाला मूळ हालचालीप्रमाणे राहू द्यावे.

एक खबरदारी घ्यायची. किरण फक्त जमिनीलाच लागेल अशी व्यवस्था हवी. नाहीतर तो पात्राच्या स्वतःच्या कुपीला किंवा हातातल्या काठीला लागतो, आणि पात्र आपल्याच अंगावर पाय ठेवायला जाते. पाय अचानक पोटाजवळ उचललेला दिसला, की दुसरे काही शोधत बसू नये. कारण बहुधा हेच असते.

किरणाने उंची सांगितली. आता पाऊल त्या उंचीवर नेऊन चिकटवायचे का? इथे पुष्कळ जण चुकतात. पात्र उभे असेल तर चिकटवून चालते. पण ते चालू लागले की पाऊल हवेत उचलले जाते, पुढे जाते, टेकते. प्रत्येक क्षणी पाऊल जमिनीला चिकटवले, तर पात्र पाय उचलणारच नाही. चिखलातून फरफटत गेल्यासारखे चालेल. म्हणून जागा न देता फरक द्यायचा. त्या पावलाखालची जमीन पात्राच्या तळपातळीहून किती वर किंवा खाली आहे, तेवढा फरक मूळ हालचालीतल्या घोट्याच्या उंचीत मिळवायचा. मूळ हालचालीत पाऊल १२ सेंटिमीटर उचलले असेल, तर पायरीवरही ते पायरीपासून १२ च उचललेले राहते.

या रीतीचा आणखी एक फायदा आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. सपाट जमिनीवर फरक शून्य येतो. म्हणजे सपाट जागी आपली सगळी करामत चालू असो वा बंद, पात्र अगदी तसेच्या तसे दिसले पाहिजे. काम सुरू करताना पहिली परीक्षा हीच घ्यावी. सपाट फरशीवर पात्र उभे करा आणि यंत्रणा चालू-बंद करून पाहा. पात्र केसभर जरी वरखाली झाले, तरी कुठेतरी घोट्याची उंची दोनदा मोजली गेली आहे किंवा मुळीच मोजलेली नाही, असे समजा. ही परीक्षा उतरल्याशिवाय पायऱ्यांकडे जाऊ नये.

आता प्रत्यक्ष यंत्रात हे कसे बसते, ते थोडक्यात. माझा विद्यार्थी युनिटी नावाच्या साधनात काम करत होता. त्यात मानवी सांगाड्यासाठी त्रिकोणाचे गणित आधीच तयार आहे. आपण पावलाची जागा सांगायची, कोन ते काढते. त्यासाठी पात्राचा सांगाडा `Humanoid` जातीचा असावा लागतो, आणि हालचालींच्या थरावर `IK Pass` नावाच्या चौकटीत खूण करावी लागते. ही खूण राहिली तर चूक दाखवली जात नाही आणि काही घडतही नाही; आपले कलम चालवलेच जात नाही. कलमाची लिपी `Animator` ज्या वस्तूवर आहे त्याच वस्तूवर ठेवायची, हेही तसेच. मूळ कलम एवढेच:

```csharp
void OnAnimatorIK(int layerIndex)
{
    Vector3 l = animator.GetIKPosition(AvatarIKGoal.LeftFoot);
    Vector3 r = animator.GetIKPosition(AvatarIKGoal.RightFoot);

    left  = Smooth(left,  GroundOffset(l));
    right = Smooth(right, GroundOffset(r));

    float hip = Mathf.Min(0f, Mathf.Min(left, right));
    animator.bodyPosition += Vector3.up * hip;

    animator.SetIKPositionWeight(AvatarIKGoal.LeftFoot, 1f);
    animator.SetIKPosition(AvatarIKGoal.LeftFoot, l + Vector3.up * left);
    animator.SetIKPositionWeight(AvatarIKGoal.RightFoot, 1f);
    animator.SetIKPosition(AvatarIKGoal.RightFoot, r + Vector3.up * right);
}
```

ज्यांना ही लिपी परकी आहे त्यांनी नुसता क्रम वाचावा. प्रथम मूळ हालचालीतल्या दोन्ही घोट्यांच्या जागा वाचून ठेवल्या. मग `GroundOffset` ने, म्हणजे आपल्या किरणाने, दोन फरक मोजले. त्यांतला सर्वांत खालचा घेऊन कंबर उतरवली. शेवटी दोन्ही पावले आपापल्या जागी ठेवली. घोट्यांच्या जागा कंबर हलवण्याआधी वाचून ठेवायच्या, म्हणजे मोजमापात कंबरेचा फरक मिसळण्याची धास्तीच राहत नाही.

मध्ये `Smooth` असा एक शब्द आला आहे. त्याच्यापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण माझ्या विद्यार्थ्याची दुसरी अडचण तिथेच होती. पात्र चालत असताना पुढचे पाऊल पायरीच्या कडेवरून जाते. कडेच्या अलीकडे किरण म्हणतो "जमीन शून्यावर", आणि पुढच्याच चित्राला म्हणतो "जमीन १८ वर". पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे दिसत असतील, तर सेकंदाच्या साठाव्या भागात पाऊल वीतभर उडी मारते. हे डोळ्याला लगेच खुपते. म्हणून फरक एकदम न बदलता हळूहळू बदलू द्यायचा. प्रत्येक चित्राला राहिलेल्या अंतराचा काही हिस्सा कापायचा, आणि तो हिस्सा असा काढायचा:

```
1 - exp(-k * dt)
```

इथे dt म्हणजे मागच्या चित्रापासून गेलेला वेळ. k दहा घेतला तर सेकंदाच्या दहाव्या भागात निम्म्याहून जास्त, सुमारे ६३ टक्के, अंतर कापले जाते. "प्रत्येक चित्राला दहावा हिस्सा" असे सरळ लिहिले तर चालत नाही का? चालते, पण मग जलद यंत्रावर पाय चपळ आणि जुन्या यंत्रावर पाय सुस्त, असा भेद होतो. वेळ हिशेबात धरला की हा भेद जातो.

माझ्या विद्यार्थ्याने हे सावकाश करणे शिकून घेतले आणि उत्साहाने सगळीकडे लावले: पावलांना एका वेगाने आणि कंबरेला वेगळ्या, जरा कमी वेगाने. कंबर जड असते, ती हळू हलावी, असा त्याचा विचार. विचार दिसायला बरोबर आहे. पण पायऱ्या उतरताना पात्राचा गुडघा दर पावलाला थाडकन ताठ व्हायचा आणि पुन्हा सैल पडायचा, जणू कुणी मागून ढोपराला टिचकी मारते आहे. का बरे?

आपल्या आकड्यांकडे परत चला. अंतर ८२ असताना गुडघा १६२ अंशांवर आहे. कंबर फक्त एक सेंटिमीटर मागे, म्हणजे वर, राहिली तर अंतर ८३ होते. ८३ म्हणजे पायाची पूर्ण लांबी. गुडघा १८० वर! एका सेंटिमीटरात १८ अंशांचा फरक. याउलट वाकलेल्या पायात अंतर ६४ वरून ६५ केले तर कोन १०१ वरून १०३ च्या आसपास जातो. म्हणजे एका सेंटिमीटराला जेमतेम दोन अंश. पाय जितका ताठ होण्याच्या जवळ, तितका गुडघा थोड्याशा फरकाने जास्त हलतो. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर हे फार छान दिसते. पट्ट्या जवळजवळ सरळ करा आणि खालचे टोक शेवटचा अर्धा सेंटिमीटर ओढा; मधली टाचणी केवढी सरकते पाहा. कुठल्याही गणितापेक्षा ही टाचणी पोरांना लवकर पटते.

पावले खाली पोचली आणि कंबर मागे राहिली की पाय ताणला जाणार, आणि ताणलेल्या पायाचा गुडघा असाच उडणार. उपाय साधा निघाला. सावकाश करायचे ते फक्त पावलांचे फरक. कंबर वेगळी सावकाश करायची नाही. सावकाश झालेल्या पावलांवरूनच तिची उंची काढायची. वरच्या कलमात तसेच केले आहे. कंबर खालच्या पावलाबरोबरच उतरते, म्हणून त्या पायाचे अंतर मूळ हालचालीहून कधी वाढत नाही. मूळ हालचालीतच पाय फार ताठ असेल, तर कंबर आणखी एखाद सेंटिमीटर खाली धरावी. दिसण्यात फरक पडत नाही आणि गुडघा शांत राहतो.

सावकाश करण्याची किंमत मात्र मोजावीच लागते. पायरी चढताना पाऊल वर यायला जो वेळ घेते, तेवढ्या वेळात पायाची बोटे दगडाच्या कडेतून आरपार गेलेली दिसतात. म्हणून वर जाताना k मोठा आणि खाली येताना लहान, असे पुष्कळ जण ठेवतात. तेही पुरले नाही, तर पाऊल आता कुठे आहे हे न पाहता ते पुढे कुठे टेकणार आहे ते आधी काढावे लागते आणि त्या जागेची जमीन मोजावी लागते. डेन्मार्कमधल्या ऑर्हूस विद्यापीठात रूने स्कोवबो योहानसेन यांनी २००९ साली या विषयावर प्रबंध लिहिला आणि युनिटीसाठी तशी यंत्रणाही तयार केली. डोळे उघडे ठेवून चालणारा माणूस पायरी आधीच हेरतो, तसेच हे. पण त्यासाठी प्रत्येक हालचालीत कोणते पाऊल केव्हा उचलले आणि केव्हा टेकले याची नोंद आधी करावी लागते. छोट्या खेळाला एवढा खटाटोप परवडत नाही, असे माझे मत आहे.

कडेचा दुसरा त्रास उभे राहण्यातला. किरण घोट्याखाली सोडला आणि पाऊल पायरीच्या कडेवर अर्धे आले, तर घोट्याखाली खालची पायरी असते आणि बोटे वरच्या पायरीच्या दगडात शिरतात. एका पावलासाठी दोन किरण सोडावेत, एक टाचेखाली आणि एक चवड्याखाली, आणि दोन्हींतली वरची उंची धरावी. मग पाऊल वरच्या पायरीवर चवड्याने टेकते आणि टाच बाहेर राहते. आपणही अरुंद पायरीवर तसेच उभे राहतो, तेव्हा ते खटकत नाही.

उतारावर आणखी एक गोष्ट लागते. समजा चढ २० अंशांचा आहे आणि चवडा घोट्याच्या १५ सेंटिमीटर पुढे आहे. तेवढ्यात जमीन जवळजवळ साडेपाच सेंटिमीटर चढते. घोटा बरोबर उंचीवर आहे, पण पाऊल सपाटच ठेवले तर बोटे तितकी जमिनीत जाणार. म्हणून किरणाने पृष्ठभागाचा जो कल सांगितला, त्याप्रमाणे पाऊल घोट्यात कलवायचे. हे वळण मूळ हालचालीतल्या वळणावर चढवायचे, त्याच्या जागी ठेवायचे नाही. नाहीतर चालताना टाच उचलण्याची सुंदर क्रिया नाहीशी होते. पाऊल हवेत जसजसे उचलले जाईल तसतसा हा कल कमी करत न्यावा. आणि त्याला ३०-३५ अंशांची मर्यादा घालावी. पायरीच्या उभ्या दगडाला किरण घासला की यंत्र कधी कधी विलक्षण कल सांगते, आणि मर्यादा नसेल तर पाऊल मुरगळल्यासारखे दिसते.

गुडघा कोणीकडे वाकावा, हेही सांगावे लागते. त्रिकोणाने कोन ठरला, दिशा ठरली नाही. खुबा आणि घोटा जागच्या जागी ठेवून गुडघा गोल फिरवला तरी तिन्ही बाजू तशाच राहतात. युनिटीतले मानवी सांगाडे गुडघा साधारण पुढेच ठेवतात, त्यामुळे हा प्रश्न नेहमी येत नाही. पण पाय फार वाकला आणि गुडघे एकमेकांकडे किंवा बाहेर वळू लागले, तर गुडघ्यासमोर थोडे दूर एक काल्पनिक खूण ठेवून `SetIKHintPosition` ने तिकडे वाक असे सांगता येते.

आता मर्यादा. कंबर किती उतरवावी? पातळीतला फरक ३० सेंटिमीटर झाला तर वरच्या पायाचे अंतर ५२ उरते आणि गुडघा ७८ अंशांपर्यंत दुमडतो. ४० झाला तर ६१ अंश. पात्र एका पायावर उकिडवे बसल्यासारखे दिसते. माझ्या मते ३० ते ३५ च्या पुढे ही करामत ताणू नये. तेवढ्या उंच दगडावर माणूस उभा राहत नाही; तो गुडघ्यावर हात टेकून चढतो, आणि त्यासाठी वेगळी हालचालच तयार केली पाहिजे.

आणि कुपीसाठी पायऱ्या असू नयेत, ही सोय फार कामाची आहे. पायऱ्यांवर एक न दिसणारा गुळगुळीत उतार घालायचा, कुपी त्यावरून सरकत जाते आणि पात्राला हिसके बसत नाहीत. किरणाला मात्र तो उतार दिसू द्यायचा नाही, त्याला खरे दगडच दिसले पाहिजेत. दोन्ही वेगवेगळ्या थरांवर ठेवले की हे साधते. माझ्या विद्यार्थ्याच्या गडावर हे केल्यानंतर पहिल्यांदा पुन्हा पाऊल तरंगू लागले. शोधता शोधता कळले की किरणाच्या यादीत दगडांबरोबर तो उतारही राहून गेला होता, आणि पात्र इमानाने त्या अदृश्य उतारावरच पाय ठेवत होते. `Debug.DrawRay` ने किरण पडद्यावर रंगवून पाहिले तेव्हा हे समजले. सगळे किरण दगडाच्या चार बोटे वर, हवेतच थांबत होते.